डावीकडच्या पाच तारखा

कारखान्यात तिला सगळे नोटीसबाई म्हणायचे. बोर्डावर कागद तीच लावायची, आणि लावताना कुणी मागून वाकून वाचायला लागलं की खेकसायची, "डोकं बाजूला घ्या, मला टाचणी टोचायचीय, तुम्हाला नाही!"

वर्षाच्या सुट्ट्यांची यादी परदेशातल्या हेड ऑफिसातून यायची. सात ओळी. नुसते आकडे. त्या लोकांची उलटी खोड, आधी महिना, मग दिवस. जानेवारीत तिने फाइल उघडली तेव्हा पाच तारखा खान्यात डावीकडे चिकटून बसल्या होत्या आणि दोन उजवीकडे. डावीकडच्या तारखा कॉम्प्युटरला कळल्याच नव्हत्या. ०२/१६ म्हणजे दोन तारीख, सोळावा महिना? असा महिना कुठला असणार! म्हणून त्याने त्या तशाच कोंबून ठेवल्या. तिने जीभ चावत एकेक सरळ केली. सोळा फेब्रुवारी, पंचवीस मे, करत करत पाचही.

उजवीकडच्या दोघी शहाण्यासारख्या बसल्या होत्या. एक जानेवारी उलटी करा की सुलटी, तीच. दुसरी होती ०९/०८. कॉम्प्युटरने तिला बिनतक्रार नऊ ऑगस्ट करून टाकलं होतं. आणि पाच उलट्या तारखा स्वतःच्या हाताने सरळ करणाऱ्या बाईने सहावीकडे ढुंकूनही बघितलं नाही. नीट दिसतेय ना, मग नीटच असणार. तिने छापली, टाचणी टोचली.

जुलैमध्ये फिटरदादा तिच्या टेबलापाशी आला. हातातलं ग्रीस कापडाला पुसत उभा राहिला. हा माणूस मशीन बंद पडली की तिच्या पोटात शिरायचा आणि चालू करूनच बाहेर यायचा. बोलायचा मात्र पाहुण्यांच्या घरी आल्यासारखा.

"बाई, नऊ ऑगस्ट पक्की ना?"

"बोर्डावर काय लिहिलंय?"

"नऊ ऑगस्ट."

"मग मला कशाला विचारता? मी काय ज्योतिषी आहे?"

"तसं नाही. आठला माझी आठवड्याची सुट्टी. दोन दिवस जोडून मिळाले तर पोरीकडे जाऊन येईन. हॉस्टेलला आहे. बारा तासांचा प्रवास एका बाजूने. दहा महिने झाले तोंड बघून."

"दगडावरची रेघ आहे ती तारीख. जा, बघा पोरीचं तोंड."

तो हसला. सात तारखेला संध्याकाळी शिफ्ट संपवून, डबा धुऊन, थेट बस गाठून गेला.

आठ तारखेला दुपारी हेड ऑफिसातून दुसऱ्या दिवशीच्या मालाची यादी आली. साहेब केबिनमधून ओरडत बाहेर. "उद्या सुट्टी आहे ना? मग सहा ट्रक कुणी मागवले?"

तिने जुनी फाइल उघडली. डावीकडे पाच, उजवीकडे दोन. सुट्टी आठ सप्टेंबरला होती. मुकाट्याने उजवीकडे बसलेलीच खोटं बोलत होती.

मग धावाधाव. शिफ्टवाल्यांना तोंडी सांगितलं. रजेवरच्या चौघांना तिने फोन लावले. तिघांनी उचलला, शिव्या देऊन ठेवला. फिटरदादाचा लागेना. पाचदा लावला. 'संपर्क होऊ शकत नाही' म्हणणाऱ्या बाईवर ती खेकसली, "माहितीय गं!"

नऊला हजेरीत त्याच्या नावापुढे गैरहजर. न कळवता. आणि अशा दोन गैरहजेऱ्या त्याच्या नावावर आधीच पडल्या होत्या, एक पोरीच्या ॲडमिशनची, एक दाढदुखीची. तीन झाल्या की घरी, असा नियम.

दहा तारखेला साहेबाने तिला केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं.

"सुधारित नोटीस टाइप करा. सुट्टी आठ सप्टेंबरला. तारीख टाका सहा ऑगस्ट."

"सहाला कुठे लावली होती? आपल्यालाच आठला कळलं!"

"तुम्हाला, मला कळलं. वर काय सांगू? त्यांची यादी बरोबर आहे. ती फाइल कुणी उघडली विचारतील. मी उघडली?"

"साहेब, त्याची नोकरी जाईल."

"कुणाची तरी जाणारच आहे." साहेब चष्मा पुसत म्हणाला. "बाकीच्यांचं काय ते मी बघतो. तुम्ही तुमचं बघा. घरी किती जण आहेत तुमच्या?"

चार जण होते. त्याला ते माहीत होतं, म्हणून तर विचारलं. तिला वाटलं टेबलावरचा पेपरवेट उचलावा आणि ह्याच्या चष्म्यात घालावा. ती उठली. नोटीस टाइप केली. खाली सही केली. सही इतकी सुरेख आली की तिला स्वतःचीच किळस आली.

खरी सुट्टी उजाडली. आठ सप्टेंबर. कारखान्यामागच्या गल्लीत तिचं घर. दहाच्या सुमाराला दार वाजलं. फिटरदादा. बगलेत घडी घातलेला युनिफॉर्म, इस्त्री केलेला. वर गेटपास.

"गेटला कुलूप आहे. वॉचमन काका म्हणाले, आज सुट्टी. बाईंकडे देऊन जा." तो ओशाळून हसला. "कामावर नाही ना, सुट्टी लक्षात राहत नाही."

तिने युनिफॉर्म घेतला. खिशावरचा ग्रीसचा डाग घासून घासून पिवळा झाला होता.

"या ना आत. चहा टाकते."

"नको. पोरीला फोन करायचाय, अजून सांगितलं नाहीये तिला." तो उंबऱ्यापाशीच थांबला. "बाई, एक बोलू? रागावू नका. मी सात तारखेला त्याच बोर्डासमोर बसून डबा खाल्ला. समोर सहा तारखेची नोटीस होती म्हणे, आणि मला दिसली नाही. माझेच डोळे फुटले होते. तुम्ही एवढं वेळेवर लावलं, आणि मी जायच्या आनंदात मान वर केली नाही."

तिच्या तोंडात शब्द आला. अगदी दातांपर्यंत आला. आतून पोराचा आवाज आला, "आई, कोण आहे?"

"कोणी नाही," ती म्हणाली.

"वस्तू मिळाल्याची पोच द्याल? नाहीतर उद्या म्हणतील, गेटपास घेऊन पळाला."

तिने पोराच्या वहीतलं पान फाडलं. युनिफॉर्म एक, गेटपास एक. खाली तारीख लिहिली, आठ सप्टेंबर, पूर्ण अक्षरात. कागद त्याच्या हातात दिला. त्याने तो डोळ्यांजवळ धरून वाचला. आता तो सगळंच दोनदा वाचायला लागला असावा.

"महिना अक्षरात लिहिलात."

"हो. आता तसंच लिहिते."

"बरं करता. घोळ होत नाही." त्याने कागदाची घडी घातली. "त्या सहाच्या नोटिशीवरही अक्षरातच होता का?"

"हो," ती म्हणाली.

त्याने मान हलवली, स्वतःवरच वैतागल्यासारखी, आणि जिना उतरून गेला.