दाखला

बाबांचा शेवटचा साधा दिवस हेडमास्तरांनी खाल्ला. ते खरोखरचे निवृत्त हेडमास्तर. ऑफिसात आले की आधी खुर्च्यांच्या रांगेकडे अशा नजरेने बघायचे, की बसलेले पालक आपोआप सरळ व्हायचे. आमचं परदेशी शिक्षणाच्या सल्ल्याचं ऑफिस म्हणजे फोटो स्टुडिओच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. परदेशी शिकायला जाणारी मुलं खाली पासपोर्टचे फोटो काढायची आणि वर येऊन, फोटो फारच वाईट आलाय, यामुळे व्हिसा नाकारतील का, असं विचारायची. दाराच्या मागे एक निळा टाय कायम लटकलेला असे. मुलांचा व्हिसाच्या मुलाखतीचा सराव घेताना बाबा तो घालायचे आणि लगेच इतके कोरडे व्हायचे, की एकदा एक मुलगी रडत बाहेर गेली. तिला पाणी देऊन, आत माणूसच आहे, अशी खात्री मला पटवावी लागली होती.

ऑफिसात मी बाबांना ‘सर’ म्हणायचं, असा त्यांचा नियम होता. नाहीतर लोकांना वाटेल घरगुती दुकान आहे, असं ते म्हणत. आम्हा दोघांची नाकं इतकी सारखी आहेत, की हा नियम कोणाला फसवत असेल असं मला कधी वाटलं नाही.

हेडमास्तरांचा मुलगा परदेशात मेकॅनिकल इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. वर्कशॉपच्या वाटेवर म्हणे एक जुनं जंगल लागायचं. मुलगा रोज तिथून जाता जाता थांबू लागला आणि एका संध्याकाळी त्याने घरी फोन करून सांगितलं, मला वनशास्त्र शिकायचंय. त्या दिवसापासून बाबा त्याला ‘झाड’ म्हणू लागले.

“झाडं काय इथे नाहीत?” हेडमास्तरांनी त्या शेवटच्या दिवशी विचारलं. “आमच्या शाळेच्या आवारात सव्वीस होती. एवढा खर्च करून परदेशात झाडं बघायची?”

बाबांनी हा प्रश्न आदराने बाजूला ठेवला. आधी त्यांनी झाडालाच फोनवर घेतलं आणि विचारलं, तुझ्याच विद्यापीठात हा विषय आहे का. असता तर काम सोपं होतं. तिथल्या तिथे कोर्स बदलायचा, आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला सांगून व्हिसाच्या कागदावरचा विषय बदलून घ्यायचा. पण तिथे वनशास्त्र नव्हतं. दुसऱ्या एका विद्यापीठात होतं, आणि तिथलं प्रवेशपत्र झाडाने घरी न सांगता मिळवूनही ठेवलं होतं. मुलाने परवानगीशिवाय परीक्षा पास केल्यावर रागवायचं की नाही, याचा हेडमास्तरांना अनुभव नसावा.

मग बाबांनी त्यांचं नेहमीचं व्याख्यान दिलं. मला ते पाठ होतं. तुमचा मुलगा त्या देशात राहतोय तो एका विद्यापीठाच्या नावावर. नव्या विद्यापीठाने घेतलं, की जुनं विद्यापीठ त्याची नोंद एका ठरलेल्या तारखेला तिकडे सोडतं. ती तारीख सेमिस्टर संपल्यानंतरची घ्यायची. तोवर रोज वर्गात बसायचं, एकही विषय सोडायचा नाही. नोंद पोचली की नवं विद्यापीठ नवा कागद देतं. पासपोर्टमधला व्हिसाचा शिक्का जुनाच राहतो, मुदत असेपर्यंत चालतो.

“आणि दाखला?” हेडमास्तर म्हणाले.

“कसला दाखला?”

“शाळा सोडल्याचा. जुन्या ठिकाणचा दाखला आणल्याशिवाय नवीन ठिकाणी घेतीलच कसे? मी उभ्या आयुष्यात एक पोर दाखल्याशिवाय घेतलं नाही. आमदाराचं आलं होतं, त्यालाही परत पाठवलं.”

बाबांनी सांगितलं, की तिथे असला दाखला नसतो. तिथे ‘सोडलं’ म्हटलं की सोडलंच. चालू सेमिस्टरचे क्रेडिट गेले, पाठवायला नोंद उरत नाही, आणि मुलाला थोड्याच दिवसांत सामान बांधावं लागतं. आधी नवीन जागेवर पाय पक्का, मग जुन्यावरचा उचलायचा. हेडमास्तरांनी मान हलवली, पण ती मान मला माहीत होती. विद्यार्थी चुकीचं उत्तर देतोय आणि आपण त्याला वेळ देतोय, अशी ती मान होती.

त्यानंतर क्रेडिटवरून अर्धा तास गेला. गणित, भाषा आणि रसायनशास्त्र नवं विद्यापीठ धरणार होतं. वर्कशॉप आणि यंत्रांची चित्रकला नुसते ऐच्छिक क्रेडिट म्हणून जमा होणार होते, वनशास्त्राच्या सक्तीच्या विषयांत त्यांचा उपयोग शून्य. म्हणजे डिग्रीला जवळपास एक वर्ष जास्त. हेही हेडमास्तरांनी सोसलं. पण क्रेडिट तिकडे जातात, मार्क जात नाहीत, नव्या ठिकाणी सरासरी पहिल्यापासून सुरू होते, हे कळल्यावर ते खुर्चीतून पुढे आले. गणितात वर्गात पहिला आला होता तो. हे त्या लोकांना कळणारच नाही? बाबा म्हणाले, जुनी गुणपत्रिका सोबत जातेच, कळेल. हेडमास्तर म्हणाले, सोबत जाणं वेगळं आणि धरणं वेगळं. बाबांनी मान डोलावली, मुद्दा बरोबर होता.

संध्याकाळी कुलूप लावताना बाबांनी मला नेहमीचं विचारलं, “मग, तुझं ट्रान्सफर कधी?” मी साहित्यात एम.ए. करून या ऑफिसात तात्पुरती आले होते आणि पीएच.डी.ला जाणार आहे, असं इतकी वर्षं सांगत होते, की वाट बघून माझ्या गाइडबाई निवृत्त झाल्या होत्या. “बघू,” मी म्हणाले. “बघ बाई,” बाबा म्हणाले, “पण इथले तुझे क्रेडिट तिकडे कोणी धरणार नाही.” आणि आपल्याच विनोदावर हसत जिना उतरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चहाला उठले नाहीत.

पुढचे दिवस माणसं येत-जात राहिली. ऑफिसचा फोन मी बंद करून ठेवला होता. काका म्हणाले, ऑफिस आता बंदच कर, तुलाही मोकळं व्हायला बरं. आईने फक्त दाराच्या मागच्या टायची चौकशी केली. तो ऑफिसातच होता.

तो आणायला म्हणून मी गेले. कुलूप काढतच होते, तेवढ्यात हेडमास्तर जिना चढून आले. त्यांना खाली स्टुडिओत कळलं होतं, मी आलेय. म्हणाले, सर गेले, फार वाईट झालं, माणूस मोठा होता, एकाच बाबतीत आमचं पटलं नाही. आणि मग, माझं दुःख जरा हलकं व्हावं म्हणून असेल, त्यांनी एक चांगली बातमी दिली. दाखल्याचा अर्ज झाला होता.

मी बाबांच्या खुर्चीत बसले. तिथेच बसायचं होतं असं नाही, ती जवळ होती.

तुमचा फोन लागेना, हेडमास्तर सांगत होते, आणि ही कामं वेळेत झालेली बरी. मुलगा नको म्हणत होता. पण बापाचं ऐकायची सवय आहे त्याला. मग त्याने विद्यापीठाच्या वेबसाइटवर विद्यापीठ सोडण्याचा अर्ज भरला. हेडमास्तरांनी फोनवरून एकेक रकाना सांगितला. दाखला अजून आला नव्हता, एवढीच तक्रार होती.

मी ताबडतोब झाडाला फोन लावला. तिकडे सकाळ होती आणि झाड वर्गाच्या बाहेर उभं होतं. आत जायचं की नाही, हे त्याला कळत नव्हतं. मी त्याला सांगितलं, वर्ग चुकवू नकोस, हजेरी लाव, तू अजून विद्यार्थी आहेस की नाही ते मी बघते. वर्ग सुरू व्हायच्या आत अर्जाच्या पानावर काय दिसतंय, हे त्याला वाचायला लावलं. त्यावर लिहिलं होतं: सल्लागारांकडे प्रलंबित. परदेशी विद्यार्थ्याचा अर्ज आंतरराष्ट्रीय कार्यालयातून पुढे जातो, तिथे तो अडकला होता. आणि सल्लागारबाईंचा एक निरोप होता, त्यालाही झाडाने भीतीपोटी उत्तर दिलं नव्हतं. त्यात विचारलं होतं, तुम्ही दिलेलं कारण आम्हाला समजलं नाही, कृपया येऊन भेटा.

“काय कारण दिलंत?” मी हेडमास्तरांना विचारलं.

ते जरा ताठ झाले. “नेहमीचंच. पालकांची बदली.”

“कोणाची?”

“माझी. म्हणजे झालेली नाही, मी निवृत्त आहे. पण दाखल्यावर कारण लागतं, आणि हे कारण कुठेही चालतं. मी हजारो वेळा लिहिलंय.”

एका परक्या देशातली कोणी बाई टेबलापाशी बसून विचार करत होती, की या मुलाच्या वडिलांची बदली झाली तर यंत्रांच्या अभ्यासाचं काय बिघडलं. त्या विचारानेच अर्ज थांबला होता. बाबांना सांगावं म्हणून मी मान वळवली. दाराच्या मागे टाय होता.

मी झाडाला म्हटलं, वर्ग झाला की लगेच त्या बाईंकडे जा. काय सांगायचं ते आपण आत्ता ठरवू. मी टाय गळ्यात अडकवला, हेडमास्तरांनी डोळे मोठे केले, आणि मी कोरड्या आवाजात विचारलं, का सोडतोयस विद्यापीठ? झाड चाचरलं. म्हणालं, वडील म्हणाले म्हणून. मी म्हटलं, पुन्हा. चौथ्या वेळी त्याचा आवाज सरळ आला. मी सोडत नाहीये. मला दुसऱ्या विद्यापीठात वनशास्त्राला प्रवेश मिळालाय, हे प्रवेशपत्र. अर्ज चुकून केला, तो रद्द करा. सेमिस्टर संपवून माझी नोंद तिकडे पाठवायची आहे.

हेडमास्तर ऐकत होते. “मला वाटलं होतं, तो इंजिनीअरिंगला घाबरून पळतोय,” ते हळू आवाजात म्हणाले.

संध्याकाळभर आम्ही फोनकडे बघत बसलो. त्यांनी मला दोनदा विचारलं, सामान बांधावं लागेल का. मी दोन्ही वेळा खरं सांगितलं, की मला माहीत नाही. मग त्यांनी उठून खोलीतल्या खुर्च्या एका रेषेत लावल्या.

शेवटी फोन आला. अर्ज रद्द झाला होता. सल्लागारबाई फार हसल्या नाहीत, पण वडिलांची बदली कुठे झाली हे त्यांनी विचारलंच, असं झाड म्हणालं. नोंद सोडायची तारीख सेमिस्टरनंतरची ठरली. तारखेआधी मन बदललं तर सांग, तारीख उलटली की हातात काही नाही, असंही त्यांनी बजावलं होतं.

हेडमास्तरांनी फोन घेतला आणि विचारलं, “त्या जंगलात कोणती झाडं आहेत?” पलीकडून उत्तर येत राहिलं, खूप वेळ. ते ‘हं’ म्हणत राहिले. जाताना दारात थांबून त्यांनी मला विचारलं, ऑफिस बंद करणार असं ऐकलं, खरं का? नोंद पोचेपर्यंत तरी कोणीतरी असावं.

मी म्हटलं, मी आहे.

ते जिना उतरून गेले. मी टाय काढला, घडी घातली, पिशवीत ठेवला, पुन्हा काढला आणि दाराच्या मागे लटकवला. आईला काय सांगायचं ते नंतर बघू. मग एका रेषेत लावलेल्या रिकाम्या खुर्च्यांसमोर, नियम मोडून, मी मोठ्याने म्हणाले,

“बाबा, मला हे काम आवडतं. मला कुठे जायचंच नव्हतं.”