म्हादूनं वाटेत टाकलेले शब्द

चिमी अंगावर पीत असली की माझा एक हात मोकळा असतो, आणि माझा सगळा अभ्यास त्या एका हाताचा. भाटघरच्या आमच्या घरात तेवढीच सवड. एरवी भाकरी, शेण, पाणी, गुरं.

सातवीच्या परीक्षेला मी गेल्या साली बसले होते. गणित, इतिहास, भूगोल सगळ्यात पास, निबंधात नापास. भोरच्या मुलींच्या शाळेत एक बाई हव्या होत्या. मोठ्या बाई म्हणाल्या, "यंदाच्या निकालापर्यंत जागा धरून ठेवते, पुढं माझ्या हातात नाही." हे घरी सांगितलं तेव्हा धरणावरच्या नोकरीवरून आल्या आल्या यांनी होकार दिला. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चुलीतलं लाकूड मागं ओढत म्हणाल्या, "बस आजून येकदा. पर यंदा न्हाई झालं तर मग पाटीचं खूळ बंद."

मी लहानपणी ज्यांच्याकडे शिकले ते आनंदराव गुरुजी आता भोरात घरीच असत. बाजाराला गेले की निबंध त्यांच्याकडे तपासायला द्यायचा, असं ठरलं. नापास झाले ते भाषा साधी होती म्हणून, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. म्हणून एका मार्गदर्शक पुस्तकातून मी वाक्यं जोडणारे शब्द घोकले होते : प्रथमतः, तद्वतच, किंबहुना, सारांश. 'पावसाळा' या निबंधात मी ते सगळे बसवले आणि वर 'आनंदाने परिसीमा गाठली' असंही लिहिलं.

गुरुजींनी चष्मा कपाळावर सरकवला. "परिसीमा कोणी गाठली गं?"

"लोकांनी."

"तुझ्या घरी तेव्हा गळत होतं ना?"

मी हसले. ते हसले नाहीत. "पोरी, तपासणाऱ्यापुढं गठ्ठा असतो. निम्म्या पोरांनी हेच पुस्तक घोकलेलं. चौथ्या पेपरात 'किंबहुना' दिसलं की तो पुढचं वाचतच नाही. आणि 'किंबहुना' म्हणजे आधी म्हटलं त्याहून थोडं जास्तच. तुझ्या वाक्यात जास्त काय आहे?"

काहीच नव्हतं. तो शब्द ऐटदार दिसला म्हणून मी तिथं बसवला होता.

"बरं, मला सांग, ताप कमी होतो त्याला काय म्हणतेस?"

"उतरतो."

"पूर?"

"ओसरतो."

"राग? उत्साह?"

"राग निवळतो. उत्साह... मावळतो."

"हे कुठं पाठ केलंस?"

"कुठंच नाही, गुरुजी."

"मग निबंधात सगळीकडे 'कमी झाले' का लिहितेस? प्रत्येक शब्दाचे सोयरे ठरलेले असतात. ते तुला ठाऊक आहेत. परीक्षेला जाताना मात्र तू त्यांना घरी ठेवतेस आणि परक्यांना घेऊन जातेस."

भाटघरच्या वाटेवर मला दुसरं काही सुचेना. दूध नासतं, वरण आंबतं, भाकरी शिळी होते. बिघडणं एकच, तरी प्रत्येकाचं वेगळं. बाजारातून बरोबर परतणाऱ्या आत्याबाई म्हणाल्या, "काय पुटपुटतीस? देव आलाय का अंगात?"

घरी चिमीला पाजताना मी मोठ्यानं वाचत असे. त्या आठवड्यात एक गंमत लक्षात आली. मी सरळ वाचत असले की ती डोळे मिटून पीत राही. मार्गदर्शकातलं वाक्य आलं की ती थांबे आणि मान वर करून माझ्या तोंडाकडे बघे. मी ते पुन्हा म्हणून पाहिलं, पुन्हा तिनं पाहिलं. मग कळलं. ते शब्द आले की माझा आवाज पाढ्यासारखा हेल काढत होता. घोकलेलं आपोआप हेल धरतं. मी तिच्या टाळूवर ओठ टेकवले. घरातच तपासनीस होती की!

पण हेल गेला, तरी कुठं कोणता सांधा घालायचा ते कळेना. ते म्हादूमुळं कळलं.

म्हादू धनगर मेंढरं घेऊन हिर्डोशीकडे निघाला होता. माझं माहेर तिकडचं. चिमीला नुकताच ताप येऊन गेला होता आणि आईला बोलवायचं होतं. आमच्याकडं निरोप तोंडीच जातो, सांगावा म्हणतात. सराव म्हणून मी सांगावा मार्गदर्शकाच्या थाटात रचला : "प्रथमतः सर्व क्षेम आहे. तद्वतच चिमीला दात येत आहेत. किंबहुना तिला ताप येऊन गेला. सारांश, आई, येऊन जावे."

म्हादूनं कान खाजवला. "भामावैनी, ह्यो सांगावा हाय का सरकारी दवंडी?"

"सांग बाबा जमंल तसा," आत्याबाई म्हणाल्या. "सूनबाईची परीक्षा हाय."

त्यानं दोनदा म्हणून पाहिला आणि तो निघून गेला. चार-सहा दिवसांनी आई आली, नाचणीचं पीठ घेऊन. मी पहिलं विचारलं, "म्हादू नेमकं काय म्हणाला?"

"म्हनाला, चिमीला दात यायला लागल्यात, त्यानं ताप आलता, पर आता उतरलाय, तरी येकदा येऊन जा."

"असंच?"

"व्हय. 'पर' म्हनाला म्हनून धीर धरला बाई. नुसतं 'ताप आला' म्हनला असता तर तशीच पळत आले असते."

माझे चारही शब्द म्हादूनं वरंधा घाटाच्या वाटेवर कुठंतरी टाकून दिले होते. त्यांच्या जागी आपले तीन आणले होते : त्यानं, पर, तरी. एक कारण सांगणारा, एक वळवणारा, एक आग्रह धरणारा. आईला काय वाटेल याचा विचार त्याच्या मनात होता, म्हणून ते आले. मी मात्र ऐकणाऱ्याचा विचारच केला नव्हता.

पुढचा निबंध मी अगदी बोलल्यासारखा लिहून नेला. गुरुजींनी 'लई' आणि 'पर' खोडले. "बोलण्यातला सांधा घे, पण कपडे लेखी घाल. 'त्यानं' नको, 'त्यामुळे'. 'पर' नको, 'परंतु' नाहीतर 'मात्र'. आणि वाक्यं आपोआप जुळत असतील तिथं काहीच घालू नकोस. प्रत्येक वाक्याला बिजागरी लावली तर भिंत उभी राहील का?"

परीक्षेला भोरला आत्याबाई बरोबर आल्या. चिमीला घेऊन शाळेबाहेरच्या झाडाखाली बसल्या. मधल्या सुट्टीत मी पाजून आले.

निबंधाचा विषय होता : धरणाचे फायदे आणि तोटे. 'प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात' हे वाक्य टाकाच्या टोकापर्यंत आलं. शेजारची मुलगी तेच लिहीत असावी, तिचे ओठ पाढ्यासारखे हलत होते. मी थांबले. खिडकीतून आत्याबाई दिसत होत्या. त्यांचं सगळ्यात चांगलं भाताचं खाचर धरणाच्या पाण्याखाली आहे.

मी लिहिलं : "धरणामुळे खालच्या गावांत पाटाचे पाणी खेळू लागले. आमची खाचरे मात्र त्याच पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरते, तेव्हा जुने बांध दिसतात."

पुढं हात 'असे असले तरी' लिहायला निघाला. मार्गदर्शकात तोट्यांनंतर ते यायचंच. पण झाडाखालच्या बाईला कोणत्या तोंडानं म्हणू, असे असले तरी? मी ओळ तिथंच संपवली आणि नव्या परिच्छेदात यांच्या धरणावरच्या नोकरीबद्दल लिहिलं. त्या दोन्हींना जोडणारा शब्द मला सापडला नाही, म्हणून घातला नाही.

निकाल यांनी भोरहून आणला. अंगणात पाऊल टाकायच्या आधीच ओरडले, "पास! निबंधातसुद्धा!" मी चिमीला इतकं घट्ट धरलं की ती रडली.

म्हादूची मेंढरं परत वर निघाली होती. आत्याबाईंनी त्याला बांधावर अडवलं. "हिर्डोशीला सांग, लेकरू पदरात व्हतं तरी पोरगी पास झाली. आता भोरच्या शाळंत बाई व्हनार."

"आत्याबाई, 'तरी' नको," मी म्हणाले.

"मग काय?"

"लेकरू पदरात होतं म्हणून पास झाली, असं सांगा."

म्हादू हसला. "बघा बाई, मधी घाट हाय. टिकंल ते पोचंल."