पिशवी काढणार असाल तर नको

"स्वायत्तता म्हणजे आपल्या देहाबद्दल आपणच निर्णय घेण्याचा हक्क," एवढं वाचून वकिलाने माझ्याकडे शाबासकीसाठी पाहिलं.

"पुढे वाच," मी म्हटलं. "टाळ्या शेवटी वाजवते."

वकील म्हणजे माझा नर्सिंगचा विद्यार्थी. प्रत्येक गोष्टीवर वाद घालतो म्हणून वर्गाने त्याला हे नाव ठेवलं आणि तो ते मिरवतो. मी त्यांची शिक्षिका. माझी जीभ तिखट आहे असं सगळे म्हणतात. असेल. गुळगुळीत बोलून वॉर्ड चालवून दाखवा मला, मग बोलू.

निबंधाचा विषय मीच दिला होता: उपचार नाकारणारा एक रुग्ण निवडा आणि स्वायत्तता, रुग्णाचं हित आणि न्याय या तीन तत्त्वांवर त्याचा प्रश्न तपासा. वकिलाने खिडकीजवळच्या खाटेवरची बेकरीवाली निवडली होती. तिशीतली बाई, नवऱ्याबरोबर बेकरी चालवणारी. आतड्याला पीळ पडून पोट फुगलेल्या अवस्थेत आली होती. काल दुर्बिणीने पीळ सोडवला आणि तिला एकदम आराम पडला. पण असा पीळ पुन्हा पडतो, बऱ्याचदा लवकरच पडतो, आणि त्या वेळी आतडं सडलं तर जीव जातो. म्हणून सर्जन म्हणत होते, आजच ऑपरेशन करून तो भाग काढून टाकू. बाई म्हणत होती, नको. कालपासून नुसतं नको.

"रुग्ण सज्ञान आहे, शुद्धीत आहे, धोका तिला सांगितलेला आहे," वकील वाचत होता. "हिताचा विचार करता शस्त्रक्रिया योग्य; परंतु हित लादता येत नाही. न्यायाचा विचार करता, दुपारची शस्त्रक्रियेची वेळ संमती देणाऱ्या दुसऱ्या रुग्णाला मिळावी. निष्कर्ष : नकाराचा आदर करून रुग्णास घरी सोडावे."

झालं! तीन परिच्छेदांत बाईला स्मशानाच्या वाटेला लावून मोकळा.

"चूक काय आहे त्यात, मॅडम?"

चूक काहीच दिसत नव्हती, म्हणूनच माझा पारा चढला होता. तेवढ्यात तिचा नवरा दारात आला. रात्रभर जागलेला, डोळे लाल. "सिस्टर, ती ऐकत नाहीये. मी सही करतो ना! नवरा आहे मी तिचा. गुंगीचं औषध द्या आणि करून टाका."

खरं सांगते, क्षणभर मलाही वाटलं, देऊ का कागद याच्या हातात? जीव तर वाचेल. पण शुद्धीतल्या, समजत्या बाईच्या पोटावर दुसऱ्याच्या सहीने सुरी चालत नाही, मग तो नवरा असो की बाप. "नाही दादा," मी म्हटलं. "तिचं पोट, तिची सही. तुम्ही बसा, पाणी प्या."

तो भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडायला लागला. मला भरून आलं आणि ते लपवायला मी वकिलावरच घसरले.

"धोका सांगितला म्हणतोस! ती का नको म्हणते, ते विचारलंस?"

"विचारलं ना. तिला पिशवी नको आहे. ऑपरेशननंतर पोटावर शौचाची पिशवी लावतात, तिची किळस वाटत असणार."

"असणार? तुझं राहू दे. ती काय म्हणाली, तिच्या शब्दांत सांग."

वकिलाने डोळे मिटून आठवलं. "म्हणाली, पिशवी काढणार असाल तर मला ऑपरेशन नको."

"लावणार असाल तर."

"नाही, मॅडम. काढणार असाल तर. मला वाटलं बोलण्यात चुकली, म्हणून मी टिपणात दुरुस्त करून 'लावणार' लिहिलं."

दुरुस्त केलं म्हणे! मी खुर्चीतून उठलेच. पोटावरची पिशवी काढायला कोण नाही म्हणेल? ती निघाली की बाई सुटली. पण आपल्या बायका 'पिशवी काढली' कशाला म्हणतात? शेजारणीची पिशवी काढली, आत्याची पिशवी काढली. गर्भाशयाला!

"दादा," मी नवऱ्याला विचारलं, "मूलबाळ?"

त्याने मान हलवली. "नाही अजून. उपचार चालू आहेत."

मी वॉर्डाकडे निघाले. धावू नये असा मुलांना मीच दम देते, तरी धावले. वकील मागोमाग. सर्जन खाटेपाशी घरी सोडण्याचा कागद लिहीत होते.

"थांबा, डॉक्टर. यांना काय सांगितलंत तुम्ही?"

"सांगायचं ते सगळं. आतड्याचा भाग काढू, पिशवी ठेवू, तीन महिन्यांनी पिशवी काढून टाकू. या म्हणाल्या, काढल्याशिवाय नाही का चालणार? मी म्हटलं, काढायलाच हवी, जन्मभर कोण ठेवतं?"

बाईने तोंड भिंतीकडे फिरवलं. सर्जनना काहीच उमगलं नव्हतं. मी पडदा ओढला, सगळ्यांना बाहेर काढलं आणि खाटेच्या कडेला बसले.

"अगं, तुला काय वाटलं, कुठली पिशवी काढणार?"

पोटाच्या खालच्या बाजूला हात ठेवून ती म्हणाली, "ही. सिस्टर, एवढी वर्षं औषधं खाल्ली मी. ती नसेल तर जगून काय करू? आणि सगळ्यांसमोर कसं बोलू हे?"

मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं आणि सर्जनचे कान उपटावेसे वाटले. पहिलं केलं. दुसरं पुढे ढकललं.

सर्जनना आत बोलावून मी सांगितलं, पिशवी हा शब्द तोंडातून काढायचा नाही. भला माणूस, ओशाळला. स्टूल ओढून बसला आणि कागदावर चित्र काढलं: हे आतडं, हे गर्भाशय. "याला हात लावायचं काही कारण नाही. मूल होईलच असं वचन मी देऊ शकत नाही, पोटातल्या कुठल्याही ऑपरेशनचा थोडा परिणाम होऊ शकतो. पण गर्भाशय जागच्या जागी राहील. शौचासाठी बाहेर लावू ते तात्पुरतं."

"आता तू मला सांग," मी तिला म्हटलं, "काय काढणार, काय ठेवणार?"

तिने चित्रावर बोट ठेवून सगळं बरोबर सांगितलं. मग नाक मुरडलं. "बाहेर लावायचं ते... शी!"

"शी तर आहेच. अजूनही नको असेल तर नको म्हण. मी कुणाला जबरदस्ती करू देणार नाही."

ती परत नाही म्हणाली असती तर मला तोंड मिटून ऐकावं लागलं असतं.

"तीन महिने ना? काढीन," ती म्हणाली. "द्या सही करायला."

बाहेर वकील पडेल चेहऱ्याने उभा होता. "मॅडम, ती वेळ तर हर्नियावाल्या आजोबांना दिली. त्यांची संमती आधी आहे. न्यायाचं काय?"

"आजोबांचा हर्निया उद्यापर्यंत थांबेल. हिचा पीळ थांबेल का? ज्याला थांबता येत नाही त्याचा नंबर आधी. जा, आजोबांना नीट समजावून सांग आणि माफी माग."

आजोबा रागावले, मग त्यांनी उपाशी ठेवल्याबद्दल चहा मागितला, मग निवळले. वकिलाने स्वतः चहा नेऊन दिला.

"आणि निबंध?" त्याने हळूच विचारलं.

"परत लिही. आणि माणूस बोलतो ते दुरुस्त करत जाऊ नकोस. ती नको म्हणाली खरं, पण जे नको म्हणाली ते आपण करणारच नव्हतो. मग आदर कशाचा करत होतास तू?"

त्याने तिथेच उभ्या उभ्या निबंधातला निष्कर्ष खोडला.

ऑपरेशन नीट झालं. संध्याकाळी मी गेले तेव्हा नवरा तिचा हात धरून बसला होता. तिने जड डोळे उघडले आणि पहिला प्रश्न विचारला, "सिस्टर, पिशवी आहे ना?"

"दोन आहेत गं, राणी," मी म्हटलं. "बाहेरची आमची, ती आम्ही परत नेणार. आतली तुझी."

ती हसली आणि पोट धरून कळवळली. "हसवू नका हो, टाके दुखतात."