मांड घातलेला पडदा

कापडाला भाताची मांड घालावी तर सुलोचनाबाईनं. हे मी नाही सांगत, आमचं सौंदड गाव सांगते. धनी होते तोवर त्यांचं धोतर खुंटीला टांगावं लागत नव्हतं. भिंतीला टेकवलं की आपणच उभं राहत असे. त्यामुळे सुनेनं गोदामात म्हशीच्या जिभेसारखं लोंबणारं हिरवं कापड टांगलेलं पाहिलं तेव्हा माझ्या जिवाला काय वाटलं असेल, ते बायकांना सांगायला नको.

सून म्हणजे चेतना. माझ्या दुर्गेशची बायको. नागपुरातून व्हिडिओचं शिकून आली आणि आमच्या धानाच्या रिकाम्या गोदामात तिनं स्टुडिओ काढला. टिनाच्या भोकांतून उन्हाचे कवडसे पडत, तर तिनं वरून पोते अंथरले. खिडकीला काळं लुगडं लावलं. भर दुपारी आत अंधार करायचा आणि मग दिवे लावून उजेड करायचा, याला म्हणे शिक्षण.

दुर्गेशला गोदाम परत पाहिजे होतं. उन्हाळी धान निघाला की ठेवायचा कुठं, हा त्याचा रोजचा घोष. शेवटी मी निवाडा केला. गोंदियाचे इंद्रकुमार सेठ आपल्या तांदळाच्या थैल्यांची जाहिरात चेतनाकडून करून घेणार होते. पहिली साफ आली तर वर्षभराच्या सगळ्या इथंच, नाहीतर काम नागपूरला. मी म्हटलं, "सेठला पसंत पडली तर गोदाम सुनेचं. नाही पडली तर अखाजीच्या सणाच्या आत दिवे गुंडाळायचे न् पोते लावायचे." माझ्या घरात निवाड्यावर अपील नसते.

सेठला जाहिरातीत म्हातारी पाहिजे होती. सुपानं तांदूळ पाखडणारी, खानदानी तोंडाची. माझ्याशिवाय कोण? तालीम म्हणून चेतनानं मला एकदा त्या कापडापुढं बसवलं.

"कापड काऊन लावलं?" मी विचारलं. "मागं शेतात दोन बांध्यांत उन्हाळी धान हिरवागार उभा आहे. तिथंच बसतो ना मी."

"सेठले डोंगर पाहिजेत, आई. डोंगर न् धुकं. हे हिरवं मी नंतर कम्प्युटरवर उडवतो न् मागं डोंगर टाकतो. म्हणून हिरवं लुगडं नेसू नका, नाहीतर तुम्हीपण उडान."

धान विकायचा गोंदियाचा न् डोंगर लावायचे परमुलखाचे! पण मी लाल लुगडं काढून ठेवलं. उडून जायची माझी इच्छा नव्हती.

सेठ यायच्या आदल्या दिवशी चेतना आणखी दिवे आणायला गोंदियाला गेली. मी गोदामात गेली. सेठसारखा माणूस येणार आणि माझ्या घरातलं कापड असं मेल्यासारखं! उतरवलं. सकाळच्या भाताची दाट मांड होतीच. कापड चांगलं बुडवलं, वाळवलं, कोळशाच्या इस्त्रीनं कडक केलं आणि मग काशाच्या वाटीच्या बुडानं घासलं. धन्याच्या फेट्याला घासत असे, तसंच. आरशासारखं चकाकलं. आठ घड्या घालून पेटीवर ठेवलं. घड्या अशा की बोट कापावं.

चेतना संध्याकाळी दिवे घेऊन आली ती थेट स्वयंपाकाला लागली. गोदामात गेली ती दुसऱ्या दिवशी सकाळी, सेठच्या गाडीचा भोंगा वाजला तेव्हा. कापड पाहिलं आणि नुसती उभी राहिली. मी कौतुकाची वाट पाहिली. कौतुक आलं नाही.

"आई..." इतकंच म्हणाली, आणि टांगायला लागली.

सेठ आले. धोतर पांढरं, पण मांड अगदी पाणचट. मी लगेच पाहिलं. दुर्गेश त्यांच्यासाठी खुर्ची पुसत होता, जशी काही जाहिरात त्याचीच. मी सूप घेऊन बसली. दिवे लागले. मी पाखडलं आणि सेठनं लिहून दिलेलं बोलली: हे तांदूळ माझ्या लेकरांना मी घालतो, तुम्हीही घाला. लेकरू माझं बाजूलाच उभं होतं, पण त्याला कोणी विचारलं नाही.

मग चेतनानं लॅपटॉपवर ते हिरवं उडवून पाहिलं. सगळे वाकले. मीही.

डोंगर आले खरे. पण माझ्या डोक्यामागं पांढरे चट्टे तरंगत होते, दुधावरच्या सायीसारखे. डोंगरावर उभ्या-आडव्या काळ्या रेघा, माझ्या आठ घड्यांच्या. चेतनानं काहीतरी ओढून चट्टे घालवले, तर त्यांच्यासोबत माझे केस गेले. कानावर उंदरानं कुरतडल्यासारखी कड. सूप हलवणारा हात तर नुसता हिरवा धूर.

"अरे, ये तो भूतनी लग रही," सेठ म्हणाले. मग माझ्याकडे पाहून, "माफ करना माताजी. आपको नहीं, इसको बोला."

"आम्हाले माहीत होतं," दुर्गेश म्हणाला. चेहरा असा की धान घरात आलाच. "सेठ, नागपूरवाल्याकडूनच करून घ्या. इथं पोतेच शोभतात."

चेतनाचे कान लाल झाले. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "सेठजी, कापड माझ्याकडून नीट झालं नाही," ती म्हणाली. "माझी चूक आहे."

आता मी सासू आहे. सुनेच्या चुका तिच्या नावावर टाकणं माझं काम. पण माझी चूक दुसऱ्या कोणी आपल्या नावावर घ्यावी, तेही चारचौघांत, उपकार केल्यासारखी? इतकी म्हातारी मी झाली नव्हती.

"तिची कशाची चूक?" मी उठली. "कापडाला मांड मी घातली. आणि अशी मांड साऱ्या जिल्ह्यात कोणी घालून दाखवावी."

मीच पुढं विचारलं, "चेतना, मांडेनं काय बिघडलं? सरळ सांग."

"आई, पडद्यानं उजेड खायचा असतो. परत फेकायचा नसतो. चकाकलं तिथं कॅमेऱ्याले हिरवं दिसत नाही, पांढरं दिसते. न् कम्प्युटर फक्त हिरवं उडवते. घडीची सावलीपण त्याले वेगळाच रंग वाटते."

"धुतलं तर?"

"पुरी मांड निघाली पाहिजे. न् सुरकुती नाही पाहिजे."

"मांड घालायची मला कळते तर काढायची नाही कळत?" मी म्हटलं. "सेठ, जेवल्याशिवाय माझ्या घरून कोणी जात नाही. दुर्गेश, सेठले जेवायले बसव. पातोडीचा रस्सा आहे, लाखोरीचे वडे आहेत. भात तीनदा वाढजो. कोण्या कंपनीचा म्हणून विचारलं तर आपलाच म्हणून सांगजो."

सेठनं घड्याळ पाहिलं. रश्श्याचा वास गोदामापर्यंत आला होता. ते गेले.

मी चूल पेटवली. कढत पाण्यात कापड तीनदा चुबकलं, तिसऱ्या पाण्याला बोटं चिकटेनात तेव्हा थांबली. पिळलं नाही, पिळलं की सुरकुती. आंगणात दोन बांबू आडवे बांधून, ओलंच, चहूबाजूंनी दोरीनं ताणलं. चैत्राचं ऊन होतं. अर्ध्या तासात कोरडं. एकही रेघ नाही, चमक नाही. मेल्यासारखं मऊ, मंद, हिरवं. त्याच बांबूसकट उचलून आत नेलं, म्हणजे परत घडी नको.

मग मी पाहिलं की सुनेला खरंच काही येते.

कापडाला दोन दिवे, दोन्ही बाजूंनी, सारख्या अंतरावर, पुढं पांढरं कापड लावून मऊ केलेले. कॅमेऱ्याच्या काचेत एक धूसर पट्टी दिसत होती. ती एका बाजूनं उंच होती. चेतना दिवा बोटभर सरकवे, पट्टी पाही, पुन्हा सरकवे.

"हे काय करून राहिली?"

"उजेड सारखा करून राहिलो, आई. उजेड जास्त तिकडं पट्टी उंच. इथून तिथवर सपाट झाली पाहिजे."

"म्हणजे बांधी," मी म्हटलं. रोवणीआधी बांधीत, धानाच्या खाचरात, पाणी सारखं नसलं तर एका कोपऱ्यात रोप बुडते न् दुसऱ्यात वाळते. हे मला दहा वर्षांची असल्यापासून कळते. "डावीकडं उंच आहे. तिकडचा दिवा मागं घे."

तिनं घेतला. पट्टी सपाट झाली. ती हसली. मी नाही.

मला तिनं पडद्यापासून आठ हात पुढं बसवलं. सकाळी सेठ कॅमेऱ्यामागं खुर्ची टाकून बसले होते, म्हणून कॅमेरा पुढं सरकला होता न् मला पडद्याला जवळजवळ टेकूनच बसावं लागलं होतं. तर पडद्याचा हिरवा उजेड माझ्या पांढऱ्या केसांवर चढला होता. आता माझा दिवा वेगळा, पडद्याचे वेगळे. आणि माझ्या मागं उंचावर एक छोटा, नुसता केसांच्या कडेला लागेल असा.

"हात हळू हलवू का?" मी विचारलं. मी कोणाला असं विचारत नाही.

"नाही. पाखडता तसंच पाखडा. मी शटरचा वेग वाढवतो, म्हणजे हात पुसट नाही होणार. उजेड तेवढा जास्त लागते, मग गरम होईल."

"चुलीपुढं पंचेचाळीस वर्षं काढली, पोरी."

सेठ ढेकर देत परत आले. मी बसली, पाखडलं, बोलली. एकदाच. चेतनानं हिरवं उडवलं.

डोंगर आले, धुकं आलं, आणि त्यापुढं मी. कानामागची उडणारी बट, तिचा एकेक केस वेगळा, मधून धुकं दिसणारा. सूप फिरलं तर बोटं बोटंच राहिली, तांदळाचे दाणेसुद्धा हवेत दाणे. सेठनं चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"माताजी, आप तो सच्ची में उधर बैठी हो."

"मी कुठंच जात नाही," मी म्हटलं. "लोकांनाच इकडं यावं लागते."

सेठनं चेतनाला पुढच्या महिन्याची तारीख दिली. दुर्गेश दारात उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, जणू मी निवाडा विसरली असेन.

"तुझा धान पडवीत राहील," मी सांगितलं. "न् पडवीत जो झोपतो त्यानं बघून घ्यावं." पडवीत दुर्गेशच झोपतो.

जाहिरात आता गावातल्या सगळ्या मोबाईलात आहे. बाया विचारतात, सुलोचनाबाई, ते डोंगर कोणत्या गावचे? मी सांगते, आमच्या गोदामामागचे. दोघीजणी पाहायलाही गेल्या. आमचा धान पाहून परत आल्या. डोंगर धुक्यात असतील म्हणाल्या.

शूटिंगच्या आदल्या दिवशी चेतना आता कापड माझ्याच हातात आणून देते. धुवायला मीच लागते, ताणायला मीच. "आई, तुमच्यासारखं कोणाले नाही जमत," म्हणते. आणि भाताच्या मांडेचं भांडं मात्र आधी उचलून स्वतःच्या खोलीत नेऊन ठेवते.