जागेअभावी

स्फाक्सच्या घाणेवाल्यांत जाझियाला मान होता. स्फाक्सच्या बाहेर मात्र तिला कुत्रंही विचारत नव्हतं. ऑलिव्हचं तेल नुसतं जिभेवर घेऊन ते टाकीत कुठे आणि कसं बिघडलं हे ती सांगायची. पण हे गुण गावच्या वेशीबाहेर कळणार कसे? तिजानीकाकांनी चार जणांना सांगितलं, त्या चौघांनी आणखी चौघांना, आणि तिथेच गाडी अडली होती.

तिजानीकाका म्हणजे महारस रस्त्यावरचे जुने घाणामालक. शिक्षण संपवून जाझिया रिकाम्या हाताने परत आली, तेव्हा त्यांनीच घाण्यामागची खोली तिला वापरायला दिली होती. भाड्याचा विषय काढला की ते ऐकू न आल्यासारखं करायचे.

घाणेवाल्यांच्या संघटनेचं वार्तापत्र हंगामाच्या तोंडावर निघायचं आणि देशातल्या प्रत्येक घाण्यावर जायचं. त्याचा संपादक लस्साद हा तिचा कॉलेजातला सोबती. त्याच्याकडे पाहुणा लेख द्यायचा असं तिने ठरवलं. पहिला मसुदा वाचून लस्सादने फोन केला.

"जाझिया, हा लेख आहे की दुकानाची पाटी? तुझ्या कामाचं कौतुक मजकुरात नको. शेवटी परिचयाच्या दोन ओळी देतो, फोन नंबर त्यात टाक. वर मात्र वाचणाऱ्याला फुकटात काहीतरी मिळालं पाहिजे."

"मग सगळंच फुकट सांगू? मला बोलावतील कशाला?"

"सांगून बघ. ज्याला पटतं ना, तोच बोलावतो. आणि हे दुसरीकडे कुठे छापलेलं नको."

रागावून तिने तो मसुदा फेकला आणि नवा लिहिला. टाकीच्या तळाशी बसलेला गाळ वेळच्या वेळी काढला नाही तर चांगलं तेलही कसं नासतं, अर्धी रिकामी टाकी का धोक्याची, तळाची तोटी कधी उघडायची, सगळं हातचं न राखता लिहिलं. लस्सादला तो आवडला, तरी त्याचं एक मागणं होतंच.

"एक खरं उदाहरण दे. नुसता उपदेश कोण वाचतो?"

उदाहरण तिच्याकडे एकच होतं, आणि ते तिजानीकाकांचं होतं. एका हिवाळ्यात त्यांची मोठी टाकी गाळावर तशीच राहिली. सगळं तेल चिखलासारखं लागू लागलं आणि रिफायनरीला कवडीमोलाने द्यावं लागलं. हे त्यांनी जाझियाशिवाय कोणालाच, अगदी भावालाही, सांगितलं नव्हतं. ती भीतभीत विचारायला गेली.

"लिही की," ते म्हणाले, "दुसऱ्याचं तेल तरी वाचेल. फक्त घाणा माझा आहे हे कळू देऊ नकोस, पोरी. इथे माणसं तेलाआधी नाव चाखतात."

तिने शब्द दिला, आणि लेखात 'एका घाण्यावर' एवढंच लिहिलं.

छपाईच्या आधी लस्सादचा पुन्हा फोन आला. "रचलेली गोष्ट मी छापत नाही. घाणा कोणाचा ते सांग. फक्त माझ्या खात्रीसाठी."

तिने सांगितलं. दारात जुनं दगडी चाक ठेवलंय तो. सांगता सांगता हेही बोलून गेली की त्या हिवाळ्यात काकांची बायको, सलवाकाकू, शेवटच्या आजारात होती, आणि ते आठवडेच्या आठवडे तिच्या उशाशी बसून होते. "यातलं काही छापू नकोस हं," ती म्हणाली.

"वेडी आहेस का?" तो म्हणाला, आणि तिला हायसं वाटलं.

अंक निघाल्याचं तिला कळलं ते बेजाहून आलेल्या फोनमुळे. कोणी अनोळखी घाणामालक टाक्या बघायला या म्हणत होता. दुपारी काफ्साहून दुसरा आला. जाझिया हरखून गेली. अख्ख्या देशाने दार उघडल्यासारखं तिला वाटत होतं. मग तिच्या हातात अंक पडला.

'महारस रस्त्यावर, दारात दगडी चाक मिरवणाऱ्या एका जुन्या घाण्याचा मालक अख्खा हिवाळा टाकीकडे फिरकलाच नाही.'

ही ओळ तिची नव्हती. वर नाव तिचं होतं, फोटो तिचा होता, खाली नंबरही तिचाच. त्या रस्त्यावर दगडी चाकाचा घाणा दुसरा कोणता होता?

तिने तडक लस्सादला फोन लावला. "मी तुला काय सांगितलं होतं?"

"अगं, नाव कुठे घेतलंय? नुसतं 'एका घाण्यावर' म्हणजे मिळमिळीत होत होतं. आता बघ, लोक वाचतायत. फोन येतायत ना?"

"छापण्याआधी मला दाखवायचं तरी."

"छापखानेवाला डोक्यावर बसला होता."

"आणि बायको आजारी होती ते? चाक घेतलंस, 'फिरकला नाही' घेतलंस. ती कुठे गेली?"

"ती ओळ होती गं. पण पान भरलं. जागेअभावी काढली."

"दुरुस्ती छाप," जाझिया म्हणाली.

"छापतो की. पुढच्या अंकात. 'लेखातला घाणा हाजी तिजानी यांचा नाही.' चालेल?"

तो गंमत करत नव्हता. ज्यांना कळलं नव्हतं त्यांनाही कळावं याची सोय तो मनापासून करून देत होता. असल्या मित्राला काय म्हणावं? तिने फोन ठेवून दिला आणि ती महारस रस्त्याला लागली.

घाण्यात हंगामातलं पहिलं तेल उतरत होतं. अशा वेळी आलेल्या माणसाला, मग तो रस्ता विचारायला का आलेला असेना, तबूनाची, म्हणजे मातीच्या भट्टीतली, गरम भाकरी ताज्या तेलात बुडवून देतात. दरवर्षी पहिला घास तिजानीकाका जाझियाला द्यायचे आणि तिच्या तोंडाकडे बघत उभे राहायचे. आज ताटली बाकावर होती. काका ताटलीशेजारी बसले होते. त्यांनी ती जाझियाकडे सरकवली नाही.

"काका, ती ओळ माझी नाही. लस्सादने घातली."

"त्याला चाकाचं कोणी सांगितलं?"

"मीच सांगितलं."

"मी त्या लस्सादला ओळखत नाही, पोरी," ते म्हणाले. "त्याने मला काही शब्द दिला नव्हता. माझ्या घरातली गोष्ट मी तुझ्यापाशी ठेवली होती."

"मी त्याला सलवाकाकूंचंही सांगितलं होतं. ते त्याने गाळलं."

"सांगितलं होतंस होय." त्यांनी उतरणाऱ्या तेलाकडे नजर वळवली. "मी दोनदा वाचलं. फिरकला नाही म्हणून लिहिलंय, तर का फिरकला नाही ते पुढे येईल असं वाटलं. लोकांनी ते वाचलं असतं तर मला राग आला नसता. पान उलटून पाहिलं. तिथे तुझा नंबर होता."

जाझियाला रडू फुटलं. त्यांनी तिला गप्प केलं नाही, आणि खोलीची किल्लीही मागितली नाही. तिने आपणहून किल्ली काढून बाकावर ठेवली.

तेवढ्यात तिच्या पिशवीतला फोन वाजू लागला.

"उचल," तिजानीकाका म्हणाले, "लांबून आला असेल." आणि ताटली उचलून ते आत गेले.