अदो अलेचा धूर थांबला तेव्हा

कडाफो खोटं बोलला नव्हता. जे डोळ्यांनी पाहिलं तेच त्याने सांगितलं होतं. घोळ तिथेच झाला.

अफार पशुपालकांच्या मुलखात वाटेवर दोन माणसं भेटली, की आधी बसतात आणि मग दागू होतो. कुठे पाऊस पडला, कुठे चारा आहे, कोण आजारी आहे, सगळं एकमेकांना सांगायचं. दागूत खोटं चालत नाही. एकाचं खोटं शंभर माणसांना भलत्या विहिरीवर नेऊन मारू शकतं. महिन्याभरापूर्वी कडाफो बहिणीला भेटायला आला, तेव्हा तिची वस्ती भेदरलेली होती. अदो अले डोंगर दोनदा हादरला होता आणि त्याच्या माथ्यावरून वाफ निघत होती. वस्तीचा म्हातारा मुखिया, अब्बा यायो, त्याने कडाफोला समोर बसवून विचारलं होतं, "तू एर्ता अलेवर पाहुण्यांना घेऊन जातोस. आगीचा डोंगर कसा असतो ते सांग."

कडाफोने सांगितलं. बारा वर्षं तो एर्ता अलेच्या काठावर उभा राहिला होता. खाली लाल तळं उकळायचं, कधी काठावरून सांडायचं, आणि पातळ लाव्हा उतारावरून वाहत जायचा. "कड थंडावते तिथे तो म्हाताऱ्या गाईसारखा चालतो, अब्बा. आपण बाजूला व्हायचं, तो निघून जातो. घाबरण्यासारखं काही नाही."

दुष्काळाचं वर्ष होतं. डोंगराच्या पायथ्याच्या तीन विहिरी सोडल्या, तर दिवसभराच्या वाटेवर पाणी नव्हतं. लोकांना हेच ऐकायचं होतं. वस्ती हलली नाही.

आता तो पुन्हा आला होता, वुबितबाईच्या गाडीतून. ती अदिस अबाबाहून आलेली, दगडांची शिकलेली बाई. चाळिशीची, सडपातळ, उन्हाने नाकाचं साल निघालेलं. तिला अफार येत नव्हतं, म्हणून कडाफो दुभाषा. तीन दिवस दोघं डोंगर चढत उतरत होते. ती एका यंत्राने वाफेतला गंधकाचा धूर मोजायची, आणि भेगांच्या दोन्ही कडांना खुंट्या ठोकून अंतर घ्यायची. पहिल्या दिवशी एक भेग कडाफोने हसत उडी मारून ओलांडली होती. तिसऱ्या दिवशी तीच भेग पाहून तो मागे सरला.

चौथ्या दिवशी सकाळी धूर थांबला.

वस्तीत आनंदीआनंद झाला. अब्बाने बोकड कापायला सांगितला. कडाफोच्या बहिणीचा नवरा हमदू, उंचापुरा, कायम थट्टेच्या सुरात बोलणारा, हात उंचावून ओरडला, "घ्या! डोंगराचा खोकला बरा झाला! मेव्हण्या, तुझ्या बाईला सांग, आता यंत्र गुंडाळ आणि मांस खायला ये!"

वुबित मात्र यंत्राकडे पाहत होती. तिचा चेहरा उतरला होता. "जमीन अजून थरथरतेय," ती हळू आवाजात म्हणाली. "कालपेक्षा जास्त. आणि धूर शून्य."

"मग चांगलंच की. आत विझत आलं असेल."

"विझलं असतं तर थरथर कमी झाली असती, भेगा रुंदावल्या नसत्या. खालून अजून येतंय, कडाफो. फक्त वर निघायची वाट बुजली."

कडाफोला ते पटेना. "बाई, माझं आयुष्य आगीच्या काठावर गेलंय."

वुबितने वाद घातला नाही. खाली वाकून तिने एक पांढुरका दगड उचलला. डोंगराभोवती असे दगड विखुरले होते, याच रंगावरून डोंगराला अदो अले, म्हणजे पांढरा डोंगर, असं नाव पडलेलं. तिने तो जनावरांच्या पाण्याच्या डोणीत टाकला. दगड तरंगला. पोरींनी असे दगड पाण्यात सोडताना कडाफोने शंभरदा पाहिलं होतं. तरी आज त्याने तो बाहेर काढून हातात तोलला.

"हा फेस आहे," ती म्हणाली. "लाव्ह्याचा फेस, उकळताउकळता थिजलेला. ही भोकं वायूची. एर्ता अलेवर पायाखाली असा दगड पाहिलास कधी?"

"नाही. तिथे काळा दगड. दोरासारख्या वळ्या पडलेला."

"हा इथे कसा आला? डोंगराचं तोंड तर इथून तासाभराच्या वाटेवर आहे."

कडाफोने विहिरीच्या तोंडात डोकावून पाहिलं. खोदताना कापलेल्या भिंतीत, वरच्या मातीखाली, हातभर जाडीचा पांढरा पट्टा होता. तो वाहत आलेला नव्हता. वरून पडलेला होता.

तो बहिणीच्या झोपडीत गेला. आस्याने चुलीवर ज्वारीचं पीठ शिजायला ठेवलं होतं, शेजारी चहाची किटली. "बस दादा," ती म्हणाली. "धूर थांबला म्हणून तू का तोंड पाडून बसलास?"

किटलीतलं पाणी बुडबुडत होतं. बुडबुडे येत होते, फुटत होते, झाकण जरासं थडथडत होतं, इतकंच. पिठाच्या भांड्यात निराळंच चाललं होतं. वर जाड साय धरली होती आणि ती मधोमध फुगत होती, फुगतच होती. मग फट् झालं आणि कढत गोळा उडून आस्याच्या मनगटावर बसला.

"आई गं! मेलं हे पीठ, ढवळलं नाही की अंगावर येतं!"

कडाफो दोन्ही भांड्यांकडे पाहत राहिला. आग एकच होती. वाफही तीच. पातळात ती सुटत होती, घट्टात अडकत होती.

तो धावतच वुबितकडे आला. "बाई, याचा लाव्हा घट्ट आहे का? पिठासारखा?"

"पिठापेक्षाही घट्ट. दोन्ही डोंगरांच्या पोटात वायू असतो. एर्ता अलेचा रस पातळ, वायू बुडबुडे होऊन वर येतो आणि सुटतो, म्हणून तो वाहतो. या रसात वाळूचा अंश फार, त्यामुळे तो चिकट. वायूला वाट नाही. थोडाफार भेगांतून निसटत होता, आता तेही बंद. दाब चढत जाणार. मग सगळा फेस एकदम फुटून राख होईल. ती राख वर जाते, आणि कोसळली की तापलेल्या ढगासारखी उतारावरून धावते. घोडा पळेल त्याहून जोरात."

"बाजूला होता येणार नाही?"

"नाही."

बोकड अजून शिजायचा होता. कडाफो अब्बा यायोसमोर जाऊन बसला. पुरुष गोळा झाले.

"अब्बा, मी तुम्हाला दिलेला दागू चुकला. आजच वस्ती हलवा."

मग हमदू हसला. "महिन्यापूर्वी डोंगर गाय होता. आज काय झाला, सिंह? शहरातल्या बाईबरोबर चार दिवस हिंडलास, लगेच जीभ फिरली?"

"मी पाहिलं ते खरं होतं. पण ते दुसऱ्या डोंगराचं होतं. मी याच्यावर ते लादलं." अफार माणसाने दागू मागे घेणं म्हणजे भर सभेत कंबरेचं सोडणं. तरी तो बोलत राहिला, पाणी आणि पीठ, विहिरीतला पांढरा पट्टा, बुजलेली वाट.

अब्बाने वुबितकडे काठी रोखली. "तिला विचार, कोणत्या दिवशी?"

वुबितने मान हलवली. "ठाऊक नाही. आज, आठवड्याने. कदाचित फुटणारही नाही."

कडाफोला वाटलं, हे शेवटचं गिळून टाकावं. भाषा त्याच्या हातात होती, कुणाला कळलं नसतं. पण त्याने जसंच्या तसं सांगितलं.

कुजबुज वाढली. "म्हणजे नक्की काहीच नाही!" हमदू म्हणाला. "आणि वाटेत शेळ्या मेल्या तर?"

"मरतील," कडाफो म्हणाला. "तहानेने काही नक्की मरतील. मला ते माहीत आहे."

अब्बा उठला. विहिरीकडे गेला, आत वाकला, पांढऱ्या पट्ट्यावर काठीने टोचलं. परत येऊन म्हणाला, "ज्याला लाज पत्करून काही मिळायचं नाही, तो लाज का पत्करेल? खरं असेल म्हणूनच. झोपड्या उतरवा."

बायकांनी चटया सोडल्या, वाकवलेल्या काठ्या उंटांवर बांधल्या. कातडी मशकी, प्लॅस्टिकचे कॅन, मिळेल त्यात पाणी भरलं. म्हाताऱ्या आणि तान्ही मुलं गाडीत बसली. दुपार कलायच्या आत वस्ती पूर्वेच्या मैदानाकडे निघाली.

हमदू निघाला नाही. त्याची सांडणी व्यायला आली होती, पाय टाकत नव्हती. "मी उद्या येतो," तो म्हणाला. कडाफोने त्याचा दंड धरला. "तिला सोड. हमदू, पाया पडतो."

हमदूने हात सोडवून घेतला. या वेळी त्याच्या सुरात थट्टा नव्हती. "मेव्हण्या, तुझे दोन शब्द आहेत. मी पहिला धरतो. आला लाव्हा तर बाजूला होईन."

दुसऱ्या दिवशी दुपारी डोंगर फुटला. वस्ती तेव्हा मैदानापलीकडच्या टेकाडावर पोचली होती. आधी पाय हादरले, मग आवाज आला, कानात नाही, छातीत. अदो अलेवरून करडा खांब सरळ आभाळात चढला. त्याचा माथा पसरत गेला आणि सूर्य झाकला. मग खांबाची एक कूस ढासळली. करडा लोट उतारावरून खाली आला, विहिरींवरून पुढे सरकला. त्यात कुठेही लाल रंग नव्हता. सगळं नुसतं धुळीसारखं, आणि इतक्या अंतरावरून अगदी मुकं.

आस्या ओरडली नाही. ती ज्या दिशेला पाहत होती, तिथे आता काही दिसत नव्हतं. थोड्या वेळाने टेकाडावरही पांढरे, हलके खडे पडू लागले. बायकांनी चटया मुलांच्या डोक्यावर धरल्या.

त्या वाटचालीत एकवीस शेळ्या गेल्या. माणूस एकच गेला.

अकराव्या दिवशी वुबितने दुर्बिणीतून पाहून डोंगराजवळ जायला परवानगी दिली. हमदू सापडला नाही. विहिरींच्या जागी राख गुडघाभर होती. डोंगराच्या नव्या तोंडातून मात्र एक काळपट ढेकूळ वर येत होतं, दिवसाला हातभर, निमूट.

"हे काय?" अब्बाने विचारलं.

"तोच रस," वुबित म्हणाली, आणि कडाफोने सांगितलं. "वायू बहुतेक निघून गेला. उरलेला फुटत नाही, नुसता रेटत येतो. पण वाट पुन्हा बुजू शकते. अजून इथे राहायचं नाही."

आस्या त्या ढेकळाकडे पाहत होती. कडाफो तिच्यापासून दोन पावलं लांब उभा होता, जवळ जायची त्याची हिंमत होत नव्हती.

"दादा," ती म्हणाली, "तू गेल्या खेपेला तो दागू दिलास तेव्हा हमदूच आधी हसला होता. मला म्हणाला, तुझा भाऊ आहे म्हणून मी आज झोपणार."

आस्याने राखेत फावडं घातलं, जिथे मधली विहीर असावी असं तिला वाटत होतं तिथे. "माणसं नाही राहणार," ती म्हणाली. "पण वाटसरूला पाणी लागेल. उभा काय राहिलास? धर ते टोपलं."

त्याने टोपलं धरलं.