दरसालची अडत

नाशिकच्या भाजीबाजारात चिमाजीअण्णा तीस वर्षं अडत करत होते, म्हणजे शेतकऱ्यांचा माल विकून देऊन शेकडा सहा रुपये कापून घेत होते. त्यामुळे २००५ साली गंगापूर रोडच्या एजंटाने म्युच्युअल फंडाचा खर्च सव्वादोन टक्के सांगितला, तेव्हा अण्णा हसलेच. "माझ्यापेक्षा स्वस्त आहे की!" म्हणत त्यांनी लाखाचा फॉर्म भरून घरी आणला.

फॉर्म पाहून बँकेत नोकरीला असलेली त्यांची लेक दीपमाला म्हणाली, "यात मॅनेजर शेअर निवडतो, म्हणून खर्च जास्त. इंडेक्स फंड शेअर बाजाराच्या निर्देशांकातलेच शेअर घेऊन बसतो, त्याचा खर्च पाऊण टक्का."

"दीड टक्क्यासाठी डोकं खाऊ नकोस. एकदाच तर कापणार!"

"एकदा नाही अण्णा, दरवर्षी. तेही वाढलेल्या सगळ्या रकमेवर, आणि तोटा झाला तरीही."

दीपमालाने कॅल्क्युलेटर त्यांच्यापुढे धरला. खर्च कापण्याआधी दोन्ही फंडांनी वर्षाला बारा टक्के कमावले असं धरलं, तर पंचवीस वर्षांनी इंडेक्सचे चौदा लाखांवर होत होते आणि मॅनेजरचे जेमतेम सव्वादहा.

"मॅनेजरने दरवर्षी दीड टक्का जास्त कमावला, तरच कुठे बरोबरी होईल," ती म्हणाली.

"टाकायचा एक लाख, आणि जाणार चार लाख?" अण्णांचा आवाज चिरकला. त्यांनी फॉर्म टराटरा फाडला. "अगं, मी माल विकल्यावर एकदाच अडत कापतो, तरी शेतकरी मला लुटारू म्हणतात!"